सोळा मिनिटं आणि एक ईमेल

गेल्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने ग्रंथपालांची दोन दिवसांची राज्यस्तरीय परिषद घेतली. आमच्या महाविद्यालयातून मी आणि आमच्या सहायक ग्रंथपाल मॅडम असे दोघे गेलो होतो. मी नुसता ऐकायला. मॅडम पहिल्यांदाच निबंध वाचणार होत्या, तालुक्यातल्या वाचनालयांच्या जुन्या दाखल नोंदवह्यांवर. तीन महिने खपून त्यांनी तो लिहिला होता.

शनिवारी 11:30 ते 1:00 असं निबंधवाचनाचं तिसरं सत्र होतं. निबंध सात, प्रत्येकाला 12 मिनिटं, म्हणजे 84 मिनिटं आणि उरलेल्या सहा मिनिटांत प्रश्न. कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात आधीचं व्याख्यान लांबल्यामुळे सत्र 11:50 ला सुरू झालं. दुसऱ्या वक्त्याने दुसरी स्लाइड उघडली आणि पडद्यावर मथळा आला `xzaFkky;`. सभागृहात हशा पिकला. त्यांना ‘ग्रंथालय’ म्हणायचं होतं.

सगळ्या संगणकांवर सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या काळात ज्यांनी मराठी टंकलेखन केलंय त्यांना हे नवं नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात. फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी देवनागरीची चित्रं काढून दाखवतो. फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘मराठी’ दिसतं, नसलेल्यावर `ejkBh`. वक्त्याच्या घरी सगळं सुरेख दिसलेलं असतं, त्यामुळे त्याच्या मनात शंकाही येत नाही. त्या सत्रात असं तिघांचं झालं. मग फॉन्ट शोधणं, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून तो बसवणं, फाइल बंद करून पुन्हा उघडणं. मी सवयीने घड्याळ बघत होतो : पाच मिनिटं, सात मिनिटं, चार मिनिटं. अध्यक्षांनी जेवणाची वेळ वीस-पंचवीस मिनिटं पुढे ढकलली, तरी सातव्या म्हणजे शेवटच्या निबंधाच्या वाट्याला पाच मिनिटं आली. तो निबंध आमच्या मॅडमचा होता. त्यांची फाइल युनिकोडमध्ये होती, पहिल्याच क्लिकला उघडली. दुसऱ्या स्लाइडवर असतानाच अध्यक्षांनी घंटी वाजवली.

परतीच्या एसटीत मॅडम तासभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, मी आयोजकांना मेल लिहिणार आहे.”

अभिप्रायाचा रीतसर मार्ग होता. निरोप समारंभात सगळ्यांना एक गूगल फॉर्म भरायला लावला होता. तो भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र येणार नाही असं जाहीर केलं होतं. निवास, भोजन, सत्रांचं नियोजन, एक ते पाच गुण. बस पकडायची घाई असलेल्या दीडशे माणसांनी त्यात काय भरलं असेल हे सांगायला नको. मीही सगळीकडे पाच दिले. ते फॉर्म महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत छान दिसतात, पण तिसऱ्या सत्रात काय झालं हे त्यांतून आयोजकांना कधीच कळणार नाही. म्हणून मेल लिहायला माझी हरकत नव्हती. फक्त म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबू. रविवारी आयोजक झोपलेले असतात. सोमवारी मांडववाला, केटरर आणि झेरॉक्सवाला यांची बिलं असतात. आणि आठवडा उलटला की परिषदेचा अहवाल लिहून होतो, मग तुमचं म्हणणं कुठल्याच कागदावर येत नाही.

मॅडमनी सोमवारी रात्रीच मसुदा तयार केला. विषय होता ‘परिषदेतील त्रुटींबाबत’. पहिलं वाक्य : ‘सदर परिषद आयोजित केल्याबद्दल आपले आभार, परंतु सदर परिषदेत वेळेचे कोणतेही नियोजन नसल्याचे निदर्शनास आले.’ खाली नऊ मुद्दे. उद्घाटनाला झालेला उशीर, सत्कारांची संख्या, फॉन्ट, माइकची खरखर, जेवणाची रांग, मुलींच्या वसतिगृहात सकाळी गरम पाणी नव्हतं ते, प्रमाणपत्रावर आडनाव चुकलं ते, घंटी वाजवताना अध्यक्षांनी भेदभाव केला ते, आणि सातवरून पाच निबंध करावेत ही मागणी. प्रत त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना.

यातलं जवळजवळ काहीच खोटं नव्हतं. मी तो वाचून दाखवला आणि विचारलं, “हे तुम्हाला आलं असतं तर?” त्या हसल्या. “मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहून खुलासा लिहीत बसले असते.”

नेमकं तेच. प्राचार्यांना प्रत गेली की मेल अभिप्राय राहत नाही, तक्रार होते. आणि तक्रारीला माणूस उत्तर देतो, तिच्यातून काही घेत नाही. त्यात भाषाही खुलासा मागणारी होती. आपण नोकरदार मंडळी रागावलो की शासकीय मराठीत शिरतो : ‘सदर’, ‘निदर्शनास आले’, ‘कार्यवाही व्हावी’. बोलताना मॅडम असं कधीच बोलत नाहीत. या भाषेत कर्ता गायब होतो, आणि ज्याला ती मिळते तो आधी स्वतःचा बचाव शोधतो, कारण अशा भाषेत त्याला याआधी फक्त मेमो मिळालेले असतात.

मग मी शहाणपणा करायला गेलो. जुन्या पद्धतीचा एक मसुदा माझ्या हातून उतरला : ‘आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली पार पडलेली ही परिषद सर्वार्थाने अविस्मरणीय ठरली. पुढील वेळी तांत्रिक बाबींकडे थोडे अधिक लक्ष दिल्यास परिषद अधिकच बहारदार होईल, यात शंका नाही.’ मला बरा वाटला होता. मॅडमनी चष्मा वर केला. “सर, तांत्रिक बाबी म्हणजे कुठल्या? समन्वयक मॅडम माइक दुरुस्त करतील.”

बरोबर होतं. आणि आभारांचीही तीच गत. ‘सर्वार्थाने अविस्मरणीय’ हे कुठल्याही परिषदेला चालेल, न गेलेला माणूससुद्धा लिहू शकेल. आभार असे गुळगुळीत असले की पुढची खरी गोष्ट एकटीच टोचते. वाचणाऱ्याला वाटतं, वरचं सगळं प्रस्तावना होती, म्हणणं काय ते खाली आहे.

मंगळवारी दुपारी वाचनकक्ष रिकामा असताना आम्ही दोघं बसलो आणि आधी नऊ मुद्दे गाळायला घेतले. प्रत्येकाला एकच प्रश्न लावला : हे त्या मॅडमच्या हातात आहे का? (परिषदेच्या समन्वयक म्हणजे तिथल्या ग्रंथपाल मॅडम. हाताखाली दोन शिपाई आणि एनएसएसची मुलं.) पाहुणे उशिरा आले, ते त्यांच्या हातात नाही. कुणाकुणाला शाल द्यायची हे संस्था ठरवते. गरम पाणी वसतिगृहाचं. सातऐवजी पाच निबंध ही मागणी ऐकायला सोपी, पण निबंध वाचायला मिळणार म्हणूनच निम्मे लोक नोंदणी करतात. नोंदणी घटली की परिषदेचा खर्च निघत नाही. अध्यक्षांच्या भेदभावाबद्दल मी मॅडमना स्पष्टच सांगितलं की घंटी सगळ्यांना वाजली होती, तुम्हाला ती लवकर वाजली कारण वेळ उरली नव्हती. हे त्यांना पटायला जरा वेळ लागला.

प्रमाणपत्रावरचं आडनाव तर दुरुस्त व्हायलाच हवं होतं. पण ते या मेलमध्ये नको असं ठरलं. ते काम आहे, ते कार्यालयातला कारकून करणार. एकाच मेलमध्ये आभार, अभिप्राय आणि काम आलं की समन्वयक तो मेल कारकुनाकडे पुढे पाठवतात, काम होतं आणि बाकीचं तिथेच विरतं. दोन ओळींचा वेगळा मेल कार्यालयाच्या पत्त्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी नवं प्रमाणपत्र आलंसुद्धा.

उरला फॉन्ट. त्यावर उपाय होता, त्याला पैसे लागत नव्हते आणि तो समन्वयकांच्या एका ओळीने होण्यासारखा होता.

दुसरा प्रश्न : मेल कुणाच्या नावाने जावा? मॅडम म्हणाल्या, तुम्ही लिहा, तुमचं वजन आहे. मला ते बरं वाटेना. वरिष्ठाने कनिष्ठाच्या वतीने लिहिलं की परत तक्रारीचा वास येतो. आणि मिनिटं त्यांची गेली होती, माझी नाही. त्यांनीच लिहावं, आपलं नुकसान एका अर्ध्या वाक्यात खरं खरं सांगावं. ते लपवलं असतं तरी समन्वयकांना आठवलंच असतं की सातवा निबंध कुणाचा होता, आणि मग सगळा मेल आडून केलेली कुरकुर वाटली असती.

मग शब्दांवर अडलो. ‘एक सूचना करावीशी वाटते’ असं मॅडमनी लिहिलं होतं. आपल्याकडे ‘सूचना’ फलकावर लागते. प्राचार्य सूचना देतात, वर्गात सूचना येते. पहिल्यांदा निबंध वाचणाऱ्या सहायक ग्रंथपालाने समन्वयकांना ‘सूचना’ करणं कानाला खटकतं. ‘एक गोष्ट लिहिते’ यात सगळं येतं. दुसरा शब्द ‘आपण’. आदराने लिहिताना आपण ‘आपण’ लिहितो, पण ‘आपण फाइली तपासल्या नव्हत्या’ हे आदराच्या कपड्यातलं बोट दाखवणंच आहे. दोषाच्या वाक्यातून समन्वयकच काढून टाकल्या. तिथे फाइल, फॉन्ट आणि संगणक एवढेच ठेवले. आणि तिसरा शब्द म्हणजे तो ‘परंतु’. आभारांना ‘परंतु’ जोडला की आभार परत घेतल्यासारखे होतात. आभारांचा परिच्छेद पूर्णविरामाने संपवला. नवा परिच्छेद नव्या वाक्याने.

आभार कशाचे मानायचे हे शोधायला मात्र काहीच कष्ट पडले नाहीत, कारण शुक्रवारची कार्यशाळा खरोखरच चांगली झाली होती. कोहा या ग्रंथालय प्रणालीवर ती होती. एरवी अशा कार्यशाळेत एक जण पडद्यावर माउस फिरवतो आणि चाळीस जण माना डोलावतात. इथे दोघांत एक संगणक होता. मॅडमनी तिथे बारकोड लेबलं करायला शिकून सोमवारी आमच्या टेबलावर आलेल्या नव्या पुस्तकांना ती लावलीसुद्धा होती. हेच लिहा म्हटलं. कार्यशाळा ‘उपयुक्त’ होती हे आयोजकांना शंभर जण सांगतील. तुमच्या कार्यशाळेमुळे सोमवारी कुठल्यातरी गावात चाळीस पुस्तकांवर लेबलं लागली, हे एखादाच सांगतो. आणि पुढच्या वर्षी प्रयोगशाळेतले संगणक मागताना त्यांना तेच वाक्य कामी येतं.

शेवटी गेलेला मेल हा असा :

विषय : परिषदेबद्दल आभार, आणि सादरीकरणाच्या फाइलींबद्दल एक गोष्ट

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारच्या कोहा कार्यशाळेबद्दल मनापासून आभार. दोघांत एक संगणक असल्यामुळे नुसतं बघण्याऐवजी हाताने करून पाहता आलं. सोमवारी इथे आल्यावर पहिलं काम तेच केलं : 40 नव्या पुस्तकांची बारकोड लेबलं छापली आणि ती स्कॅनरवर नीट वाचली जातायत. कोणत्या ग्रंथालयात कोणती प्रणाली आहे ती यादी नोंदणीच्या टेबलावरच दिलीत, तिचाही फार उपयोग झाला. तिच्यावरून दोघांशी फोनवर बोलणं झालं.

पुढच्या परिषदेत उपयोगी पडेल असं वाटलं म्हणून एक गोष्ट लिहिते. शनिवारी 11:30 च्या सत्रात सातपैकी तीन सादरीकरणांत मराठी अक्षरं उमटली नाहीत. फाइली जुन्या फॉन्टमध्ये होत्या आणि हॉलमधल्या संगणकावर ते फॉन्ट नव्हते. तिघांची मिळून साधारण 16 मिनिटं त्यात गेली आणि शेवटी मला पाच मिनिटं उरली. परिपत्रकातच ‘सादरीकरणासोबत त्याची पीडीएफही पाठवावी’ एवढी ओळ असली तर हे टळेल असं वाटतं. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट फाइलीसोबतच येतो.

उत्तराची घाई नाही. परिपत्रकासाठी ओळ लिहून हवी असेल तर आनंदाने देईन.

आपली नम्र,

खाली नाव, हुद्दा, महाविद्यालय. बस. मोबाइलवर वाचताना अंगठा एकदाच सरकवावा लागतो. विषयाच्या ओळीत दोन्ही गोष्टी मुद्दाम ठेवल्या होत्या. नुसतं ‘आभार’ लिहिलं असतं तर असे मेल न उघडताच समजतात.

‘साधारण 16’ बद्दल मॅडमनी विचारलं होतं, इतकं मोजून लिहिलं तर खडूस नाही का वाटणार? मला उलट वाटत होतं. ‘बराच वेळ वाया गेला’ यात राग आहे आणि माहिती नाही. 16 मिनिटं म्हणजे 12 मिनिटांचा एक अख्खा निबंध आणि वर थोडं. समन्वयकांना हिशेब तिथल्या तिथे कळतो.

उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि त्याने आम्हाला जरा जमिनीवर आणलं.

समन्वयक मॅडमनी छान लिहिलं होतं. पीडीएफची ओळ नक्की घालू म्हणाल्या. पण फाइली आदल्या दिवशीच मागवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच रात्री उशिरा आल्या, आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने रात्री 11 वाजेपर्यंत हॉलमध्ये बसून प्रत्येक फाइल त्याच संगणकावर उघडून पाहिली होती. मग हे कसं झालं? त्या तिन्ही फाइलींची पहिली स्लाइड इंग्रजीत होती. शीर्षक इंग्रजी, नाव इंग्रजी, महाविद्यालयाचं बोधचिन्ह. मराठी दुसऱ्या स्लाइडपासून सुरू होत होतं. पोराने पहिली स्लाइड बघितली, ठीक आहे म्हणून पुढची फाइल उघडली. पुढे त्यांनी लिहिलं होतं की आढावा बैठकीत हा मेल त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि त्या मुलाचा चेहरा पडला; सत्रात फॉन्ट बसवून देणाराही तोच होता.

मी आमचा मेल पुन्हा काढून वाचला. ‘हॉलमधल्या संगणकावर ते फॉन्ट नव्हते.’ आम्ही समन्वयकांना वाक्यातून काढलं होतं खरं, पण संगणकाच्या मागे कोण बसलंय याचा विचारच केला नव्हता. शिवाय ते वाक्य शास्त्राच्या दृष्टीनेही तिरकं होतं. जुना फॉन्ट हॉलमध्ये नसणं ही चूक नाही. असे फॉन्ट कितीतरी, आयोजकाने कुठले कुठले बसवून ठेवायचे? चूक फाइल पाठवणाऱ्याकडची. ते वाक्य असं हवं होतं : ‘जुन्या फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या संगणकावर नेल्या की अक्षरं बिघडतात, तसं तीन वक्त्यांच्या फाइलींचं झालं.’ मग पीडीएफचा उपायही वक्त्यांकडेच गेला असता, जिथे तो जायला हवा.

मॅडमनी त्याच संध्याकाळी दुसरा मेल पाठवला, अडीच ओळींचा. फॉन्ट मिळवून ते पाच-सात मिनिटांत बसवणारा तोच मुलगा होता हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, त्याने तसं केलं नसतं तर पाच मिनिटंही उरली नसती, त्याला आमचे आभार आवर्जून कळवा. मुलाचं नाव घालून. खाली एक सुधारणा : तपासताना पहिल्याबरोबर तिसरी-चौथी स्लाइडही बघावी. तिथे मॅडमनी पुन्हा ‘सूचना’ हा शब्द वापरला आणि मी काही बोललो नाही, कारण आता दोघींचं जमलं होतं.

यंदाचं परिपत्रक जानेवारीत आलं. निबंध सातच, वेळ 12 मिनिटंच. वक्त्यांसाठीच्या सूचनांत तिसरी ओळ ठळक अक्षरात होती : सादरीकरण आणि त्याची पीडीएफ दोन्ही पाठवावे; पीडीएफ नसल्यास निबंध सत्राच्या शेवटी घेतला जाईल. त्यातला दुसरा अर्धा भाग त्यांचा स्वतःचा, आम्हाला तो सुचलाच नव्हता. आम्ही दोघं पुन्हा गेलो. अक्षरं सगळ्यांची उमटली. सत्र मात्र या वेळीही वीस मिनिटं उशिराच सुरू झालं, आणि त्याबद्दल आम्ही काही लिहिलेलं नव्हतंच.